बेडरेस्टवर असलेल्या मैत्रिणीला काय लिहावं, काय न्यावं

प्रश्न: माझ्या जवळच्या मैत्रिणीला २६ वा आठवडा चालू आहे. गर्भाची वार गर्भाशयात खाली आहे, दोनदा अंगावरून रक्त गेलं, आता डॉक्टरांनी घरीच बेडरेस्ट सांगितली आहे. मी तिला लिहिलेला मेसेज असा आहे : "अगं, आत्ताच कळलं. काळजी घे, टेन्शन घेऊ नकोस. मस्त आराम कर. सगळं छान होईल. काही लागलं तर हक्काने सांग." पण पाठवायला मन होत नाहीये, कोरडा वाटतोय. मला तिला सोबत द्यायची आहे, अधूनमधून खाऊ न्यायचा आहे. काय लिहू आणि काय नेऊ?

उत्तर:

पाठवला नाहीत ते बरं केलंत. प्रसूतिपूर्व वॉर्डात परिचारिका म्हणून आणि नंतर समुपदेशक म्हणून काम करताना मी अशा बायकांच्या उशाशी खूप बसले आहे. त्यांच्या फोनवर येणारे बहुतेक मेसेज याच साच्याचे असतात. तुमची माया त्यात आहे. तरी त्यातलं प्रत्येक वाक्य तिच्यावर एखादं काम टाकतं, म्हणून तो तुम्हालाच कोरडा वाटतोय.

शेवटचं वाक्य आधी घेते. "काही लागलं तर सांग" म्हटलं की काय लागतंय ते तिने शोधायचं, तुम्हाला वेळ असेल का याचा अंदाज बांधायचा आणि वर मागायचा संकोचही गिळायचा. पाण्याचा ग्लाससुद्धा दुसऱ्याकडे मागावा लागणारी बाई दिवसभर मागून मागून आधीच थकलेली असते. ती तुमच्याकडे काहीच मागणार नाही. "मस्त आराम कर" हे तर तिला टोचेल. रात्री कूस बदलताना पुन्हा रक्त जाईल का, या धास्तीत पडून राहण्यात आराम नसतो. "टेन्शन घेऊ नकोस" वाचून तिला वाटतं की आपली भीतीच बाळाला बाधतेय, आणि मग ती भीती कुणाजवळ बोलत नाही.

"सगळं छान होईल" याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे तिच्या आजाराची माहिती उपयोगी पडते. गर्भाशय वाढतं तसा त्याचा खालचा भाग ताणला जातो. वार त्याच भागाला चिकटलेली असेल तर ती कडेने किंचित सुटते आणि रक्तवाहिन्या उघड्या पडतात. हे रक्त बहुधा लालभडक असतं आणि पोटात दुखत नाही. बऱ्याच जणींची वार पुढच्या आठवड्यांत पिशवीच्या तोंडापासून वर सरकते, म्हणून साधारण ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात. काहींची सरकत नाही, आणि मग सिझेरियन ठरवावं लागतं. आज हे कुणालाच ठाऊक नाही आणि तिला ते कळतं. म्हणून तुमचं आश्वासन तिला धीर देत नाही. तुम्हाला परिस्थिती समजलेलीच नाही असं तिला वाटतं, आणि पुढच्या वेळी ती खरं बोलायचं टाळते.

याच माहितीचा एक चांगला उपयोग मात्र आहे. ती कधीतरी तुम्हाला म्हणेल, "त्या दिवशी मी जिना चढले म्हणून झालं," किंवा "माठ उचलला म्हणून." ही खंत जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असते. तेव्हा "छे गं, असं नसतं" म्हणून विषय झटकू नका. रक्त का जातं हे वर सांगितलं तसं साध्या शब्दांत सांगा : खालचा भाग ताणला जातो, वार तिथे आहे, तुझ्या जिन्याने ती तिथे गेलेली नाही. मी पाहिलंय, "तुझी चूक नाही" या नुसत्या वाक्यापेक्षा कारण समजल्यावर मन जास्त हलकं होतं.

आता काय लिहायचं. एका मेसेजचे दोन करा आणि मध्ये एक दिवस जाऊ द्या. पहिला असा :

"अगं, कालच कळलं. दोनदा रक्त गेलं म्हणजे किती घाबरली असशील. मला तुझी फार आठवण येतेय. या मेसेजला उत्तर द्यायचं नाहीस. परवा पुन्हा लिहिते."

एवढाच पुरे. यात सल्ला नाही आणि प्रश्नही नाही. "घाबरली असशील" हे लिहायला लोक कचरतात, भीतीची आठवण करून दिल्यासारखं होईल म्हणून. पण भीती तिथे आहेच. तिचं नाव घेतलंत तर ती तुमच्याशी बोलता येते. तिला किती आठवडे झाले, किती राहिले, याचा हिशेब तुम्ही काढू नका. २८ वा लागला, ३२ वा गाठला, असे टप्पे ती मनात रोज मोजत असते. ती स्वतः सांगेल तेव्हा तिच्याबरोबर खूश व्हा.

दुसरा मेसेज कामाचा :

"बुधवारी दुपारी तीनला येऊ का? पाऊण तास बसेन. गप्पा माराव्याशा वाटल्या तर मारू, नाहीतर मी शेजारी बसून माझं विणकाम करीन आणि तू डोळे मिटून पड. तू उठायचं नाहीस, कपडे बदलायचे नाहीत, घर आवरायचं नाही. दार कोण उघडेल आणि तुला खायला काय चालतं ते मी घरच्यांना विचारते. 'ये' किंवा 'नको' एवढंच लिही. आयत्या वेळी नकोसं वाटलं तर पिशवी दारात देऊन परत जाईन आणि पुढच्या बुधवारी पुन्हा विचारीन."

यातला प्रत्येक तुकडा मुद्दाम आहे. दिवस आणि वेळ ठरलेली आहे, म्हणून तिला फक्त हो-नाही करायचंय. दुपार मुद्दाम निवडली, कारण घरचे कामावर गेलेले असतात, सकाळचे फोन संपलेले असतात, आणि अंथरुणावरच्या बाईला दोन ते पाच हा वेळ सगळ्यात लांब वाटतो. तिची झोपेची वेळ तीच असेल तर अर्थात बदला. पाऊण तास आधीच सांगितला की पाहुणी कधी उठणार याची तिला चिंता राहत नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण नकार दिला तरी तुम्ही तुटणार नाही हे तिला आधीच कळतं. ज्या दिवशी पुन्हा डाग दिसला असेल त्या दिवशी तिला कुणालाच तोंड दाखवावंसं वाटणार नाही.

उत्तर आलं नाही तर? दोन दिवसांनी एखादी छोटी गोष्ट पाठवा : खिडकीतून दिसलेल्या पक्ष्याचा फोटो, ऑफिसातली एखादी गंमत, तुमच्या आवाजात दोन मिनिटांचं बोलणं. आवाजी मेसेज अशा बायकांना आवडतात, कुशीवर पडून फोन डोळ्यांसमोर धरायचे कष्ट वाचतात. पण "वाचलास का?" असं विचारू नका. आणि पहिल्या आठवड्यात रोज दहा मेसेज पाठवून मग महिनाभर गप्प बसण्यापेक्षा आठवड्याला एकदा ठरल्या दिवशी येणारी मैत्रीण बरी. सुरुवातीला सगळे धावून येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फोन थंडावतात, आणि खरा एकटेपणा तेव्हा सुरू होतो. तुमचा बुधवार तोपर्यंत टिकला पाहिजे.

भेटीला जाताना तुम्हाला सर्दी, ताप किंवा अंगावर पुरळ असेल, किंवा घरात कुणाला कांजिण्या असतील, तर सरळ पुढे ढकला. वासाची अत्तरं लावू नका, तीव्र वासाची फुलं नेऊ नका. तिच्या डोक्याशी उभं राहून बोलू नका, खुर्ची घेऊन तिच्या नजरेच्या पातळीवर बसा. ती ज्या कुशीवर आहे त्या बाजूला बसा, म्हणजे मान वळवावी लागणार नाही. पोट मोठं झाल्यावर उताणं पडलं की गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, गरगरतं. म्हणून तिला कुशीवरच पडायला सांगितलेलं असतं, आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला बसलात तर ती तुमच्यासाठी उगाच उताणी होईल.

बेडरेस्ट म्हणजे नेमकं काय हे प्रत्येकीचं वेगळं असतं. कुणाला संडास-आंघोळीपुरतं उठायची मुभा असते, कुणाला घरात सावकाश फिरायची, कुणाला फक्त जड उचलणं, दगदग आणि शरीरसंबंध बंद असतात. पूर्णवेळ पडून राहिल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं टळतात असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडं कमजोर होतात. म्हणून आता बरेच डॉक्टर पूर्वीइतकं कडक सांगत नाहीत. हे तुम्ही वाचलं असेल किंवा वाचाल. तरी तिच्यापुढे "अगं, हल्ली बेडरेस्टचा उपयोग नसतो म्हणे" हे वाक्य काढू नका. दोनदा रक्त गेलेल्या बाईचा निर्णय तिची सोनोग्राफी पाहिलेल्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो. तिला स्वतःला शंका असेल तर काय काय विचारायचं ते कागदावर लिहून द्या : किती वेळ बसलेलं चालेल, किती पावलं चालता येतील, पडल्या पडल्या पायांची कोणती हालचाल करावी. पुढच्या तपासणीला तो कागद तिच्या हातात असू द्या.

गुठळीवरून आठवलं. मैत्रिणी मायेने पाय चेपून द्यायला बसतात. एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजली असेल, गरम लागत असेल, तर त्या पायाला हात लावू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पाय चेपण्यापेक्षा केस विंचरून सैल वेणी घालून द्या. पडून पडून मागच्या केसांचा गुंता होतो आणि तो काढायला कुणी म्हणून बसत नाही. वीस मिनिटं जातात, बोललं नाही तरी चालतं, आणि बऱ्याचदा तेव्हाच ती मनातलं बोलते, कारण तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहत नसता.

आता खाऊ. न्यायच्या आधी घरच्यांना तीन गोष्टी विचारा : साखर वाढली आहे का, रक्तदाब आहे का, आणि सध्या कशाचा वास नकोसा होतो. साखर वाढलेल्या बाईसमोर मिठाईचा डबा ठेवला की ती मायेपोटी खाते आणि मग बोट टोचून आलेला आकडा पाहून रडते. असं व्हायला नको.

साखर आणि रक्तदाब दोन्ही ठीक आहेत असं धरून तुमच्या मैत्रिणीचा विचार करते. रक्त गेल्यामुळे तिला लोहाच्या गोळ्या बहुधा चालू असतील. लोहाने पोट कडक होतं, पडून राहण्याने आणखी कडक होतं, आणि तिने जोर करणं बरं नाही. म्हणजे तिच्यासाठी उत्तम खाऊ तो, जो चवीला आवडेल आणि पोटही साफ ठेवील. संत्र्याच्या सोललेल्या फोडी घ्या. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायलाही मदत होते. रात्रभर भिजवलेले मनुके, सुके अंजीर, पेअरच्या फोडी चालतील. चहा-कॉफी मात्र लोहाच्या गोळीच्या वेळी नको, लोह कमी शोषलं जातं. तुम्ही थर्मासमधून चहा नेणार असाल तर गोळीची वेळ विचारून घ्या.

आडव्या माणसाच्या छातीत लवकर जळजळतं. म्हणून एकदम भरपूर न नेता तळहातावर मावेल एवढं न्या, आणि ते खाताना पाठीशी दोन उशा लावून तिला टेकून बसता येतं का ते आधी विचारा. तळकट, फार मसालेदार नको. चुरा पडणारे पदार्थही नकोत. ही फार छोटी गोष्ट वाटेल, पण बिस्किटाचे कण चादरीत गेले की ते झटकायला तिला उठता येत नाही, आणि दिवसभर ते पाठीला टोचत राहतात. एका घासाचे तुकडे करा, झाकणाच्या डब्यात भरा, सोबत छोटा काटा आणि ओला रुमाल ठेवा. डबा परत करायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका, पुढच्या बुधवारी तुम्हीच उचला.

चिरलेलं फळ फ्रिजबाहेर दोन तासांहून जास्त राहू देऊ नका. कच्च्या दुधाचं चीज, कच्चं अंडं घातलेलं काही, अर्धवट शिजलेलं मांस यातलं काहीच नको. त्यातून होणारा जंतुसंसर्ग गरोदरपणात बाळापर्यंत पोचू शकतो. "ताकद येते" म्हणून कुणी दिलेली चूर्णं आणि काढे मी तिच्या घरात नेणार नाही, तुम्हीही नेऊ नका. थोडं चॉकलेट खुशाल न्या. तिला आवडतं एवढं कारण पुरेसं आहे.

खाण्यापलीकडच्या वस्तूंमध्ये उशीपर्यंत पोचणारी फोनची लांब वायर आणि वाकणारी नळी असलेली पाण्याची बाटली, या दोन वस्तू मी नेहमी सुचवते. पडल्या पडल्या पाणी प्यायला मिळालं की ती जास्त पिते, आणि पोट साफ राहायलाही मदत होते. ओठांना लावायचं बिनवासाचं मलम द्या. पुस्तक द्यायचं तर पातळ, एका हातात धरता येईल असं. बाळाचे कपडे आणि खेळणी मात्र तिने स्वतः विषय काढेपर्यंत नेऊ नका. ज्या बाळाची खात्री वाटत नाही त्याचं झबलं कपाटात ठेवणं काही बायकांना सोसत नाही, काहींना तेच आधाराचं वाटतं. तुमची मैत्रीण कुठल्या बाजूची आहे ते तिच्याकडूनच कळेल. तिला मोठं मूल असेल तर त्याला दोन तास बाहेर खेळायला नेणं ही तुम्ही देऊ शकाल त्यातली सर्वात मोठी भेट आहे.

मनाकडेही लक्ष असू द्या. रडू येणं, चिडचिड होणं हे अशा वेळी स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे सलग उदासी असेल, आवडीच्या गोष्टीतही रस वाटत नसेल, रात्री बाळ शांत असतानाही झोप लागत नसेल, "माझ्याशिवाय सगळ्यांचं बरं चाललंय" असं काही बोलत असेल, तर ते तुमच्या भेटींनी भागणारं नाही. तिला सांगा की डॉक्टरांशी हे बोलायला हवं, आणि हवं तर फोन लावून द्या. एडिनबरो प्रश्नावली नावाची १० प्रश्नांची साधी चाचणी असते, मुळात बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी तयार झालेली, पण गरोदरपणातही वापरतात. ती भरायला पाच-दहा मिनिटं लागतात. जीव द्यायचा विचार बोलून दाखवला तर मात्र वाट पाहू नका, तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि एक तयारी, तुम्ही तिच्याजवळ एकट्या असताना पुन्हा रक्त गेलं तर. पहिल्याच भेटीत विचारून ठेवा की तपासणीची फाईल कुठे असते, कोणत्या नंबरवर फोन करायचा, गाडी कोण आणणार. विचारताना "तू निश्चिंत राहावंस म्हणून मला माहीत असू दे" असं म्हटलंत की ती घाबरत नाही. रक्त गेलं, पाणी गेलं, कळा आल्यासारखं वाटलं किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. खाली असलेल्या वारेचं रक्त बहुधा बिनदुखतं जातं. तिला डाव्या कुशीवर झोपवा, साधं पॅड लावू द्या, आत काहीही घालायचं नाही. किती वाजता सुरू झालं ते लिहा, आणि बदललेलं पॅड पिशवीत घालून सोबत घ्या, म्हणजे किती रक्त गेलं ते डॉक्टरांना पाहता येतं. घाम फुटला, भोवळ आली किंवा पॅड भराभर भिजत असेल तर घरच्यांची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी पाहीपर्यंत तिला खायला-प्यायला काही देऊ नका, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.